सातबाराच्या फोटोंवरून केलेली क्षेत्राची बेरीज जुळत नाही: गुंठा, एकर आणि हेक्टर एका मापात आणताना

तहसील कचेरीजवळ बसून मी अर्ज आणि वाटणीपत्रं लिहितो. वर्षभरात एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी येते. मोबाईलवर चार-पाच कागदांचे फोटो, त्यांवरून कुणीतरी घरी केलेली बेरीज, आणि ती बेरीज ना भावांच्या हिशेबाशी जुळते ना आठ-अ च्या उताऱ्याशी. मग संशय तलाठ्यावर, भावावर, नाहीतर शेजारच्या बांधावर जातो. बहुतेक वेळा जमीन जागच्या जागी असते. चुकलेलं असतं ते आकड्यांमधल्या टिंबाचं वाचन.

गेल्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा मुलगा आला होता. "काका, आजोबांची एकूण जमीन सात पूर्णांक पंचावन्न भरते. म्हणजे आठ एकर पंधरा गुंठे. पण चुलते म्हणतात साडेसहाच्या वर नाहीच." त्याच्याकडे चार फोटो होते. त्यांत हा घोळ सगळ्या बाजूंनी दिसतो, म्हणून तेच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. सर्व्हे नंबर आणि नावं गाळली आहेत, आकडे तसेच ठेवले आहेत.

पहिला फोटो जुन्या हस्तलिखित सातबाराचा. त्यात क्षेत्र ३–२७. दुसरा आजच्या संगणकीकृत सातबाराचा, एकूण क्षेत्र १.४८.००. तिसरा वाटणीच्या फेरफाराचा, त्यात ०.३०. चौथा एका जुन्या खरेदीखताचा, ज्यात आकड्यात २.५ एकर असं लिहिलेलं. मुलाने एक्सेलमध्ये चारही आकडे एकाखाली एक टाकले: ३.२७, १.४८, ०.३०, २.५. उत्तर ७.५५. चारही आकड्यांत टिंब एकाच जागी दिसतं, पण त्याचा अर्थ चार ठिकाणी एक नाही, आणि सगळी चूक तिथेच आहे.

टिंब म्हणजे दशांश चिन्ह नव्हे

एकर-गुंठ्यात लिहिलेल्या क्षेत्रात टिंब, आडवी रेघ किंवा तिरकी रेघ ही फक्त दोन मापांमधली भिंत असते. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो, त्यामुळे ३–२७ म्हणजे ३ एकर २७ गुंठे, एकूण १४७ गुंठे. दशांशात सांगायचं तर ३.६७५ एकर. ३.२७ एकर नव्हे. गुंठ्याच्या खाली आणे येतात, १६ आण्यांचा एक गुंठा. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे, म्हणून ३३ गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. साखळीचं हे गणित डोक्यात असलं की पुढे काही पाठ करावं लागत नाही.

हेक्टर-आरमध्ये मात्र योगायोगाने टिंब दशांशासारखं चालतं, कारण १०० आरचा एक हेक्टर आणि १०० चौरस मीटरचा एक आर. १.४८.०० म्हणजे १ हेक्टर ४८ आर ० चौरस मीटर, आणि १.४८ हेक्टर म्हटलं तरी तेच. पण यातही एक अट आहे. आर दोन अंकी लिहिलेले असले पाहिजेत. हाताने १.५ लिहिलेलं असेल तर ते १ हेक्टर ५ आरही असू शकतं आणि १ हेक्टर ५० आरही. एकट्या आकड्यावरून ते ठरत नाही.

संगणकीकृत सातबारावर एकक बघितल्याशिवाय आकडा वाचूच नये. शेतीसाठी तिथे हे.आर.चौ.मी. छापलेलं असतं, बिनशेतीसाठी आर.चौ.मी. दुसऱ्या प्रकारात ४.५० दिसलं तर ते ४ आर ५० चौरस मीटर, म्हणजे ४५० चौरस मीटर. हेक्टर समजून वाचलं की ते ४५,००० होतं. शंभरपट. प्लॉटचा उतारा शेतीच्या उताऱ्यांत मिसळलेला असला की बेरीज अचानक अफाट वाढते, ती बहुधा इथे.

फोटोत एककाचं शीर्षकच नसेल तर

या मुलाच्या पहिल्या फोटोत नेमकं हेच झालं होतं. कागद धरणाऱ्याचा अंगठा क्षेत्राच्या रकान्याच्या डोक्यावर, आणि घडीची रेघ आकड्यांच्या मधून गेलेली. ३ आणि २७ यांच्यामध्ये टिंब आहे की रेघ, तेही दिसत नव्हतं. ३ हेक्टर २७ आर की ३ एकर २७ गुंठे? पहिलं खरं असेल तर जमीन आठ एकरांवर जाते, दुसरं असेल तर चारही भरत नाही.

अशा वेळी सगळे आधी एकच कसोटी लावतात. दुसरा आकडा ४० किंवा त्याहून जास्त असेल तर ते गुंठे नाहीत, कारण ४० झाले की एकर होतो. कसोटी बरोबर आहे, पण २७ हा दोन्हीकडे चालणारा आकडा. इथे ती काही सांगत नाही.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती कागदावरची हातची बेरीज. सातबारावर लागवडीलायक क्षेत्र, पोटखराब आणि त्यांची बेरीज एकाखाली एक असतात. या फोटोत लागवडीलायक २–३५, पोटखराब ०–३२ आणि खाली एकूण ३–२७ होतं. हेक्टर-आर असते तर ३५ आणि ३२ मिळून ६७ झाले असते आणि खाली २.६७ लिहिलं असतं. लिहिणाऱ्याने ६७ मधून ४० काढून हातचा एक एकर पुढे नेला आणि २७ उरवले. म्हणजे हे एकर-गुंठेच. शीर्षक दिसलं नाही तरी बेरजेने एकक सांगितलं. ही कसोटी सातबारावरच चालते असं नाही. वाटणीच्या फेरफारात तीन भावांच्या हिश्शांखाली एकूण असेल तर तिथेही हातचा कुठे गेला ते पाहावं, ४० ला की १०० ला. बेरजेत हातचाच नसेल तर मात्र ती मुकी राहते.

दुसरी खूण आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या रकान्यात असते. आकार रुपये-आणे-पैमध्ये लिहिलेला असेल तर क्षेत्र एकर-गुंठ्यातलं धरायला हरकत नाही. उलट मात्र धरू नये. नाणी दशमान झाली १ एप्रिल १९५७ रोजी आणि सातबारावरची क्षेत्रं हेक्टरमध्ये आली त्यानंतर, तीही दशमान पद्धतीच्या फेरफाराने, गावोगाव निरनिराळ्या वेळी. मधल्या काळातल्या उताऱ्यात आकार पैशात आणि क्षेत्र गुंठ्यात असू शकतं.

विदर्भातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. पूर्वीच्या मध्य प्रांतातल्या नागपूर, भंडारा, चंद्रपूर या भागांत जुनं क्षेत्र एकर आणि डिसमिलमध्ये असतं. १०० डिसमिलचा एक एकर. तिथे २.६० एकर दिसलं तर ते खरोखर दशांशातलं २.६० एकर आहे, आणि ६० हा आकडा पाहून हेक्टर धरलं तर जमीन जवळजवळ अडीचपट फुगते. वरची चाळीसची कसोटी या भागात लावू नये. एक डिसमिल ४०.४७ चौरस मीटरचं.

एकाच जमिनीचे दोन कागद

मुलाची सगळ्यात मोठी चूक एककाची नव्हतीच. पहिल्या आणि दुसऱ्या फोटोत एकच जमीन होती. जुन्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा, नव्यावर गट नंबर. एकत्रीकरण योजनेनंतर नंबर बदलले, म्हणून त्याला ती दोन वेगळी शेतं वाटली. मला शंका आली ती आकारावरून. जुन्यावर ५–१२–०, म्हणजे ५ रुपये १२ आणे. नव्यावर ५.७५. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया, तेव्हा आकार तोच. मग क्षेत्र तपासलं.

एक गुंठा १०१.१७१४१ चौरस मीटर. १४७ गुंठ्यांचे १४,८७२ चौरस मीटर झाले, म्हणजे १ हेक्टर ४८ आर ७२ चौरस मीटर. नव्या उताऱ्यावर १.४८.००. इतकी जवळीक आणि आकार तंतोतंत. मुलाला गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर यांचा मेळ घालणारा फेरफार काढायला सांगितलं, आणि तो एकाच जमिनीचा निघाला.

पण तो लगेच म्हणाला, "मग बहात्तर मीटर गेले कुठे?" हा प्रश्न मला पुष्कळ वेळा विचारला जातो आणि त्यावरून मोजणीचे पैसे भरलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून त्याच्यापुढेच कागदावर केलं. लागवडीलायक २–३५ म्हणजे ११५ गुंठे, त्याचे ११,६३५ चौरस मीटर, म्हणजे ११६ आर ३५. पोटखराब ३२ गुंठे, त्याचे ३,२३७, म्हणजे ३२ आर ३७. दोन्ही रकमा पूर्ण आरमध्ये लिहिताना वरचे ३५ आणि ३७ सुटले. ३५ आणि ३७ मिळून ७२. बेरीज ११६ अधिक ३२, म्हणजे १४८ आर. एकूण १४७ गुंठे आधी रूपांतरित करून मग जवळच्या आरमध्ये लिहिले असते तर १४९ आले असते. बांध हललेला नाही, कुणी जमीन ओढलेली नाही. दोन तुकडे वेगवेगळे पूर्णांकात आणल्याचा तो फरक आहे. जुन्या आणि नव्या उताऱ्यात एक-दोन आरपर्यंतचा फरक दिसला तर आधी असा हिशेब करून पाहावा. फरक पाच-दहा आरचा असेल तर मात्र तो पूर्णांकाचा नाही. मधले फेरफार, कमी-जास्त पत्रक किंवा रस्त्यासाठीचं संपादन शोधावं लागतं.

आर म्हणजे गुंठा नाही

तिसऱ्या फोटोत रकान्याच्या वर हे.आर. स्वच्छ दिसत होतं आणि खाली ०.३०. मुलाने ते ३० गुंठे धरले. गावात सर्रास आरला गुंठा म्हणतात, आणि बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. कागदावर बिघडतं. ३० आर म्हणजे नेमके ३,००० चौरस मीटर, आणि ३० गुंठे म्हणजे ३,०३५. फरक ३५ चौरस मीटर, साधारण ३७८ चौरस फूट. गावठाणाशेजारच्या जमिनीत एवढ्या जागेत खोली उभी राहते.

"हेक्टर म्हणजे अडीच एकर" हे जे सगळे म्हणतात, ती हीच चूक वेगळ्या शब्दांत आहे. अडीच एकराचे गुंठे शंभर, आणि हेक्टरचे आर शंभर. अडीच म्हटलं की आर आणि गुंठा तुम्ही एकच धरले. खरा हेक्टर ९८.८४ गुंठ्यांचा, म्हणजे २ एकर १८.८४ गुंठे. पाच हेक्टरवर हा फरक पावणेसहा गुंठ्यांच्या पुढे जातो. तोंडी सौद्यात अडीच चालवा, पण ज्या कागदावर सही होणार आहे त्यात नको.

चौथा फोटो खरेदीखताचा. आकड्यात २.५ एकर, आणि पुढच्याच ओळीत "अक्षरी दोन एकर पाच गुंठे". मुलाने आकडा घेतला आणि अक्षरी सोडून दिलं. २.५ हा अडीच एकर धरला तर १०० गुंठे, आणि दोन एकर पाच गुंठे म्हणजे ८५. पंधरा गुंठ्यांचा फरक. दस्त लिहिणाऱ्याने टिंब भिंत म्हणून वापरलं आणि ०५ मधलं शून्य गाळलं. दस्ताच्या फोटोत नेहमी अक्षरी रक्कम शोधावी, ती फोटोच्या बाहेर राहिली असेल तर तो भाग पुन्हा मागवावा. आकडा आणि अक्षर यांत विरोध असला तर त्याच दस्तावरून झालेला फेरफार काय सांगतो ते बघायचं. इथे फेरफारातही २–०५ होतं.

बेरीज कशी मांडायची

मी सगळं चौरस मीटरमध्ये आणतो. कारण साधं आहे. हेक्टर-आरचे आकडे चौरस मीटरमध्ये नेताना काही सांडत नाही, सरळ पूर्णांक येतात. फक्त गुंठ्यांचं रूपांतर एकदाच करावं लागतं. एकरातून हेक्टर, हेक्टरातून पुन्हा गुंठे अशा येरझाऱ्या घातल्या की दर फेरीला थोडं थोडं गळतं.

एक्सेलमध्ये क्षेत्र कधीही एका खान्यात टिंब देऊन टाकू नये. २.२० टाकलं की ते २.२ दिसतं, आणि दुसरा माणूस ते २ एकर २ गुंठे वाचतो. १.०५.२० सारखा आकडा संगणकाच्या सेटिंगप्रमाणे कधी तारीख होऊन बसतो. देवनागरी अंक टाइप केले तर बहुतेक वेळा तो मजकूर समजला जातो. खान्यात डावीकडे चिकटलेला दिसतो आणि SUM त्याला वगळून पुढे जातं, त्यामुळे बेरीज कमी येते आणि कुठेही चूक दाखवली जात नाही. म्हणून तीन वेगळे खाने करावेत आणि अंक इंग्रजी टाकावेत.

एकर, गुंठे, आणे अनुक्रमे A, B, C मध्ये असतील तर:

```
=(A2*40+B2+C2/16)*101.17141
```

हेक्टर, आर, चौरस मीटर असतील तर:

```
=A2*10000+B2*100+C2
```

दोन्ही प्रकारच्या ओळी एकाच तक्त्यात असतील तर चौथ्या खान्यात "एगुं" किंवा "हेआर" असं लिहून ठेवावं, आणि पाचव्यात ते कशावरून ठरवलं: शीर्षक, हातचा, अक्षरी किंवा आकार. हा पाचवा खाना मला फार महत्त्वाचा वाटतो. सहा महिन्यांनी दुसरा भाऊ तोच फोटो घेऊन येतो, तेव्हा आठवणीवर बोलावं लागत नाही.

आता या मुलाचा हिशेब. पहिला फोटो गाळला, कारण दुसऱ्यात तीच जमीन आजच्या नोंदीप्रमाणे आहे. दुसरा १४,८०० चौरस मीटर. तिसरा ३,०००. चौथा ८५ गुंठे, म्हणजे ८,६०० ला अर्धा मीटर कमी. एकूण २६,४०० चौरस मीटर, म्हणजे २ हेक्टर ६४ आर. गुंठ्यात २६१ ला जरासे कमी, म्हणजे ६ एकर २१ गुंठे. चुलत्यांचं "साडेसहाच्या वर नाहीच" एका गुंठ्याने चुकलं होतं, आणि मुलाचं पंचाहत्तर गुंठ्यांच्या आसपास. दोघांमध्ये वर्षभर बोलणं बंद होतं.

उत्तर आलं की ते आठ-अ वरच्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहावं. खातं सामाईक असेल तर त्यातला आपला हिस्सा आधी वेगळा काढावा लागतो, नाहीतर पुन्हा जमीन वाढल्यासारखी वाटते.

फोटोच धड नसेल तर

हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांत १ आणि ९, ४ आणि ५ हे अंक एकमेकांसारखे दिसतात. ०–०८ मधलं शून्य टिंबासारखं होतं आणि कागदावरचा डाग टिंब होतो. शंका आली की त्याच हाताचा तोच अंक पानावर दुसरीकडे शोधावा, फेरफार क्रमांकात किंवा सालात. १९६९ मधला ९ त्याने कसा काढलाय ते पाहिलं की रकान्यातला ९ ओळखता येतो. सालात संदर्भामुळे फसवणूक होत नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

फोटो मागताना कागद सपाट ठेवून, रकान्यांच्या शीर्षकासकट आणि तळाच्या बेरजेसकट पूर्ण पान मागावं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो आणि बारीक टिंबं पुसली जातात, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. बऱ्याच गावांचे जुने उतारे महाभूमीच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. तिथला स्कॅन मोबाईलच्या फोटोपेक्षा पुष्कळ स्वच्छ असतो, आणि आजचा उतारा तर डिजिटल सहीचाच काढावा.

एवढं करूनही जुना आणि नवा कागद जुळत नसेल, आणि उतरवून घेताना लेखनिकाची चूक झाल्याचं जुन्या कागदावरून दाखवता येत असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्जाला जुना उतारा, ज्या फेरफाराने आकडा बदलला तो फेरफार आणि आजचा उतारा, तिन्हींच्या प्रमाणित नकला लागतात, मोबाईलचा फोटो तिथे चालत नाही. आणि वाद कागदावरच्या आकड्याचा नसून प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीचा असेल तर कुठलंही रूपांतर उपयोगाचं नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचाच अर्ज करावा लागतो.

त्या मुलाने पाचव्या खान्यासकट तक्ता छापून नेला. परवा चुलते स्वतः आले होते, खरेदीखताच्या ओळीवर बोट ठेवून "अक्षरी" म्हणजे नेमकी कुठली ओळ ते विचारायला.